एक दिवस, चौऱ्याऐंशी कार्डं

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



अध्यक्षांनी मला अर्धा तास दिलाय, आणि त्यानंतर बटाटेवडे आहेत हेही त्यांनी आधीच जाहीर करून टाकलंय. त्यामुळे माझी स्पर्धा कुणाशी आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

आधी एक प्रश्न. स्वतःचा धंदा काढायची एखादी कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह आहे. आता, ज्यांच्याकडे पाचपेक्षा जास्त कल्पना आहेत आणि त्यांतली कुठली बरी हे तपासून बघितलंय, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. त्यांतले एक आपले खजिनदार, ते धरायचे की नाही मला माहीत नाही.

पाच वर्षांपूर्वी माझाही हात पहिल्या प्रश्नाला वर आणि दुसऱ्याला खाली गेला असता. माझ्याकडे एकच कल्पना होती. पुण्यातल्या आई-वडिलांची वीजबिलं, बँकेची कामं, डॉक्टरकडे नेणं, प्लंबर बोलावणं हे सगळं तिथला एक माणूस करणार आणि पैसे इथला मुलगा देणार. हसू नका, तुमच्यातल्या निदान दहाजणांच्या डोक्यात हेच आहे. मी आणि माझा एक मित्र चौदा महिने रात्री जागलो आणि अकरा हजार डॉलर घातले. वेबसाइट झाली, ॲप झालं, लोगो तर तीन वेळा झाला. आठ कुटुंबांनी नावं नोंदवली, त्यांतली चार नात्यातली. पैसे तिघांनी दिले, त्यातल्या दोघांनी भिडेखातर. नंतर कळलं की बहुतेक घरी शेजारचा मुलगा हे काम करत होता, फुकट, आणि आईला अनोळखी माणूस घरात नकोच होता.

कल्पना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. कुणी जमवलीही असेल. पण तिच्या शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे दुसरी काहीच नव्हती. हातात एकच कल्पना असली की आपण तिचे वकील होतो. न्यायाधीश व्हायचं तर समोर निदान दोन पक्ष लागतात.

म्हणून गेल्या मार्चमध्ये मी एक शनिवार काढला. बायको मुलीला घेऊन माझ्या बहिणीकडे गेली. फोन गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, गाडीला कुलूप लावलं आणि डायनिंग टेबलवर बसलो. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा. सामान म्हणजे तीन बाय पाच इंचांच्या कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा, एक पेन आणि स्वयंपाकघरातला टायमर. लॅपटॉप नाही. लॅपटॉप उघडला की पहिल्याच कल्पनेला ‘हे कुणी केलंय का’ म्हणून शोधायला लागतो आणि दुपार होते.

एकट्याने का, चार मित्र का नाही बोलवायचे? ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते ॲलेक्स ऑसबॉर्न जाहिरात क्षेत्रातले. १९५३ च्या त्यांच्या पुस्तकातून तो जगभर पोचला. त्यांचा आग्रह गटाचा. पण १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते मोजून बघितलं. चौघांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या, आणि चांगल्याही जास्त निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी दाखवलं की याचं मोठं कारण साधं आहे. एक बोलत असताना बाकीचे गप्प असतात, आणि आपली पाळी येईपर्यंत डोक्यातलं निसटून जातं. आपल्या कमिटीच्या मीटिंगला जे बसलेत त्यांना यासाठी येलला जायची गरज नाही. मित्र हवेतच, पण रविवारपासून.

आता दिवस कसा गेला ते सांगतो. तयारी आदल्या रात्रीची, तासाभराची. मी तीन महिन्यांची क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं, कॅलेंडर आणि पाठवलेल्या ईमेलची यादी छापून ठेवली. आपल्याला काय त्रास होतो हे आठवत नाही हो, पण आपण कशासाठी पैसे मोजले आणि कुणाला तीन-तीनदा आठवण केली हे कागदावर असतं. आणि एका कागदावर माझ्या मर्यादा लिहिल्या. आठवड्याला दहा तास, पहिल्या चाचणीला दोनशे डॉलर, आणि दोन वर्षांत महिना तीन हजार डॉलर हातात यायला हवेत. हे शेवटचं अगदी महत्त्वाचं, का ते पुढे येईल.

सकाळचा पहिला दीड तास कल्पना लिहायच्याच नाहीत, फक्त अडचणी लिहायच्या. आणि अडचण लिहायची तीही नियमाने. कुणाची, शेवटची कधी आली, आणि त्या माणसाने तेव्हा काय केलं. ‘लोकांना वेळ मिळत नाही’ ही अडचण नव्हे, तो सुविचार झाला. ‘फेब्रुवारीत शेजारच्या काकांना इमर्जन्सीत नेलं तेव्हा त्यांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना कळली नाहीत, मुलाने भारतात फोन करून डॉक्टरांना रात्री उठवलं’ ही अडचण. अशा सत्तेचाळीस झाल्या. दहा-बारा माझ्या घरातल्या, पंधराएक ऑफिसच्या आणि जुन्या नोकरीतल्या, उरलेल्या ओळखीच्यांच्या.

पावणेअकराला कार्डं हातात घेतली. पंचवीस मिनिटं लिहायचं, पाच मिनिटं उठायचं, असे पाच फेरे. एका कार्डावर एकच कल्पना, दोन ओळींत. गिऱ्हाईक कोण आणि त्याच्यासाठी मी काय करणार, एवढंच. मागच्या बाजूला कोपऱ्यात क्रमांक. हा क्रमांक विसरू नका, संध्याकाळी त्याचा उपयोग आहे. चांगलं-वाईट ठरवायचं नाही. मूर्ख कल्पना आली तरी कार्ड खर्च करायचं, कारण ती लिहिली नाही तर ती दारातच बसून राहते आणि मागच्यांना आत येऊ देत नाही.

पहिल्या वीस कार्डांवर काय होतं सांगू? पुण्यातले आई-वडील (हो, परत!), पुरणपोळीची होम डिलिव्हरी, मुलांसाठी मराठी शिकवणारं ॲप, देशी विवाह मंडळ, मंडळांच्या कार्यक्रमांची तिकिटं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात जे वरच्या थरात पडलेलं असतं तेच. वीस मिनिटांत वीस कार्डं, फार मजा आली.

तिसाव्या कार्डानंतर विहीर आटली. सलग सात मिनिटं एक शब्द नाही. सगळ्यांचा दिवस इथेच मोडतो. माणसाला वाटतं, आता संपलं, होतं ते आलं. २०२० साली लुकास आणि नॉर्डग्रेन या दोघांनी नेमकं यावर संशोधन प्रसिद्ध केलं. लोकांना वाटतं की जसजसा वेळ जातो तशा आपल्या कल्पना सुमार होत जातात, पण प्रत्यक्षात त्या तशा होत नाहीत, टिकतात किंवा सुधारतात. मला हे माहीत होतं, तरी उठून फ्रिज उघडलाच.

अशा वेळी नुसतं छताकडे बघून काही होत नाही. मी सत्तेचाळीस अडचणींची यादी घेतली आणि एकेका अडचणीवर बळजबरीने तीन कार्डं काढायला लागलो. हे काम मी माणसाने करून दिलं तर? ते काम होण्याच्या आदल्या दिवशी तपासलं तर? आणि पैसे त्या माणसाऐवजी दुसऱ्याच कुणाला द्यावेसे वाटतील का? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. दीड वाजता चौऱ्याऐंशी कार्डं झाली होती. बाजीरावाच्या थाटात वरण-भात खाल्ला आणि पाऊण तास चालून आलो.

दुपारी गाळायचं काम, आणि इथे मी इंजिनियर असल्याचा तोटा सांगतो. पूर्वी एकदा मी हे एक्सेलमध्ये केलं होतं. बाजारपेठ, आवड, स्पर्धा, भांडवल, प्रत्येकाला पाचपैकी गुण, प्रत्येक गुणाला वजन. सगळ्या कल्पना ३.३ आणि ३.७ च्या मध्ये आल्या. मग मी ‘आवड’चं वजन वाढवलं आणि लाडकी कल्पना पहिली आली. म्हणजे मी तपासत नव्हतो, लाच देत होतो. यावेळी गुण नाहीत, फक्त हो किंवा नाही.

आधी सारखी कार्डं एकावर एक ठेवली, एकसष्ट उरली. मग चाळणीचे चार प्रश्न. ही अडचण असलेली पाच माणसं मला नावानिशी माहीत आहेत का, म्हणजे बुधवारपर्यंत मी त्यांना फोन करू शकतो का? ती माणसं आज यावर पैसे किंवा तास घालवताहेत का? दोन आठवड्यांत आणि दोनशे डॉलरमध्ये याची एखादी चाचणी होईल का? आणि माझ्या व्हिसाच्या आणि नोकरीच्या कराराच्या चौकटीत हे बसतं का? एक ‘नाही’ आलं की कार्ड खोक्यात. विचार करत बसायचं नाही, कार्डाला जेमतेम मिनिट.

चौथ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण तुमच्यातले बरेच जण एच-वनवर आहेत. कंपनीची मालकी असणं वेगळं आणि त्या कंपनीसाठी काम करणं वेगळं. काम करायला त्या कंपनीने तुमच्यासाठी रीतसर अर्ज केलेला असावा लागतो. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात स्वतःचं नियंत्रण असलेल्या कंपनीकडूनही तसा अर्ज करण्याची वाट स्पष्ट केली आहे, पण त्याला अटी आहेत आणि सुरुवातीची मुदत अठरा महिन्यांपर्यंतच आहे. तेव्हा वकिलाला विचारा, माझ्या भाषणाच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डवाल्यांनीही नोकरीचा करार काढून वाचा, तुम्ही जे कराल त्यावर कंपनीचा हक्क सांगणारं कलम त्यात पुष्कळदा असतं.

एकसष्टपैकी तेरा उरली. अठ्ठावीस कार्डं तर पहिल्याच प्रश्नाला पडली. मराठीचं ॲपही तिथेच गेलं, कारण ज्या पाच आई-बाबांची नावं सुचली त्यांना मुलांना मराठी यावं असं वाटत होतं, पण गेल्या महिन्यात त्यासाठी त्यांनी काय केलं असं विचारलं तर उत्तर मला ठाऊक होतं. मीही त्यांतलाच.

मग हिशेब. प्रत्येक कार्डाच्या मागे तीन ओळींचं गणित, महिना तीन हजार डॉलर सुटायला किती गिऱ्हाइकं लागतील आणि ती कुठून येणार. मंडळांच्या तिकिटांचं आणि जेवणाच्या ताटांच्या मोजणीचं कार्ड मला फार आवडलं होतं. गणपतीला दरवर्षी ताटं कमी पडतात हे आपण सगळे जाणतो. पण समजा शंभर मंडळं मिळाली आणि प्रत्येकाने वर्षाला दोनशे डॉलर दिले, तर होतात वीस हजार. मला हवेत छत्तीस हजार. आणि दोनशे डॉलर म्हटल्यावर आपल्या कमिटीचा चेहरा कसा होईल तेही मला माहीत आहे. कार्ड खोक्यात. आदल्या रात्री तीन हजारांचा आकडा लिहिला नसता, तर त्या क्षणी मी तो पंधराशे केला असता, नक्की.

हिशेबाने सहा उरली. सहांची आपसात जोडी-जोडीने तुलना केली तर पंधरा सामने होतात. प्रत्येक सामन्यात एकच प्रश्न. उद्या सकाळी यातल्या एकाच कामावर निघायचं असेल तर कुठल्या? तेरा ठेवली असती तर अठ्ठ्याहत्तर सामने झाले असते आणि मी वैतागून नाणं उडवलं असतं. म्हणून हे सहापर्यंत आल्यावरच करायचं. सहा वाजता तीन कार्डं टेबलावर होती.

पहिलं कार्ड, क्रमांक अठ्ठावन्न. मोठ्या स्टोअर्सच्या साखळीला माल पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना ट्रक निघताना एक इलेक्ट्रॉनिक कागद पाठवावा लागतो, कुठल्या खोक्यात काय आणि किती. आमच्या धंद्यात त्याला ‘आठशे छप्पन्न’ म्हणतात. तो चुकला किंवा उशिरा गेला तर स्टोअर बिलातून दंड कापून घेतं, त्याला म्हणायचं चार्जबॅक. जुन्या नोकरीत मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. कल्पना अशी की कागद जायच्या आधी तो ऑर्डरशी ताडून बघायचा. महिना दीडशे डॉलरने वीस गिऱ्हाइकं.

दुसरं, क्रमांक सत्याहत्तर. आपल्याकडे भेटीला आलेल्या आई-बाबांच्या औषधांचा एक छापील कागद, भारतातलं ब्रँडचं नाव, आत खरं औषध कोणतं, आणि इथे त्याला काय म्हणतात. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन होतं, तर बाकीच्यांचं काय सांगावं. शिवाय भारतात दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळतात, तशा गोळ्या इथे पुष्कळदा नसतातच. म्हणून हे काम फार्मसिस्टच करू जाणे, मी नाही. हिशेबात हे कार्ड आधी पडलं होतं. चाळीस डॉलर घ्या, वीस फार्मसिस्टला द्या, म्हणजे महिन्याला दीडशे कुटुंबं लागतात. मग तो तिसरा प्रश्न आठवला, पैसे दुसरं कोण देईल? पाहुण्यांचा आरोग्य विमा विकणारा एजंट देईल कदाचित. म्हणून ते परत टेबलावर आलं.

तिसरं, क्रमांक एकतीस. घरी फराळ करून विकणाऱ्या बायका. न्यू जर्सीत २०२१ पासून, फ्रिजमध्ये ठेवावे न लागणारे ठरावीक पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात करून, परवाना काढून विकता येतात. वर्षाला पन्नास हजार डॉलरपर्यंत. पण पाकिटावर घटक पदार्थ आणि ॲलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात. १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या मुख्य यादीत आले, नववे. म्हणजे तिळाच्या वड्यांच्या पाकिटावर तीळ लिहिलेला हवा. परवान्याचे कागद आणि लेबलं करून देणं, ही कल्पना. महिना तीस डॉलर, शंभरजणी.

आता कार्डांचे क्रमांक बघा. एकतीस, अठ्ठावन्न, सत्याहत्तर. पहिल्या तिसातलं एकही नाही. एका माणसाच्या एका शनिवारावरून सिद्धांत मांडू नये, पण विहीर आटली तेव्हा मी उठलो असतो तर तिन्ही गेली असती. उलट तुमची तिन्ही कार्डं पहिल्या दहातली निघाली, तर समजा की दुपारी तुम्ही गाळलं नाही, आधीच ठरवलं होतं. आणखी एक खूण आहे. तिन्ही कार्डांवर पहिलं गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच असाल तर सकाळची यादी परत करा.

तीनच का, एक का नाही? कारण फोन सुरू झाले की निदान एक लगेच मरतं. आणि तिन्हींची शंका वेगवेगळी असावी. माझ्या पहिल्यात शंका होती की ही खरी अडचण आहे का, दुसऱ्यात पैसे कोण देणार, तिसऱ्यात शंभरजणी मिळणार कुठे. तिन्हींची शंका एकच असती तर एका फोनने तिन्ही गेली असती.

उठायच्या आधी प्रत्येक कार्डावर एक नाव आणि एक वार लिहिला. पुढचं थोडक्यात सांगतो. चार्जबॅकसाठी तीन कंपन्यांना फोन केले. ‘तुम्हाला असं सॉफ्टवेअर आवडेल का’ असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं, गेल्या तीन महिन्यांत किती रक्कम कापली गेली, कागद दाखवाल का? एकांनी सांगितलं की आमची मुलगी शुक्रवारी दोन तासांत ते भांडण मिटवते, आम्हाला काही नको. दुसऱ्यांनी नावं खोडून यादी दिली. एक्केचाळीस दंड, त्यांतले सव्वीस कागद चुकल्याबद्दल नव्हते, उशिरा गेल्याबद्दल होते. ट्रक पहाटे पाचला निघतो आणि कागद पाठवणारी व्यक्ती नऊला येते! माझी ताडून बघायची कल्पना तिथे काहीच कामाची नव्हती. पण पहाटे पाचला कागद आपोआप जाईल अशी व्यवस्था, हे वेगळं कार्ड झालं. त्याला क्रमांक पंच्याऐंशी दिलाय आणि त्यावर काम चालू आहे. तिसऱ्या कंपनीने अजून फोन उचललेला नाही.

फराळाचं कार्ड मंगळवारीच गेलं. सहाजणींशी बोललो. चौघी म्हणाल्या, परवाना कशाला, मी ओळखीतच देते. दोघींकडे परवाना आहे, आणि लेबलं त्यांच्या मुलांनी एका संध्याकाळी करून दिली.

औषधांच्या कागदाचं अजून ठरत नाही. एका एजंटांशी बोलणं झालंय, आपल्यातल्याच एक फार्मसिस्टबाई तपासून द्यायला तयार आहेत, पण चूक झाली तर जबाबदारी कुणाची हे त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं आणि ते बरोबर विचारलं. वकिलाला भेटायचंय. तोपर्यंत माझं एक काम आहे. ज्यांचे आई-बाबा गेल्या वर्षभरात इथे येऊन गेले आणि ज्यांना एकदा तरी डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीत जावं लागलं, त्यांनी वड्यांच्या टेबलापाशी मला भेटा. कागद विकत घ्याल का हे मी विचारणार नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या कोणत्या म्हणून विचारल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत, तेवढं सांगा. मी कोरी कार्डं आणली आहेत.